पावसाळ्यात गंजून परत येणाऱ्या पिना: कॅपा कसा लिहायचा आणि कधी बंद करायचा

वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला नवीन लागलेल्या मुलामुलींच्या हातात पहिल्या पंधरा दिवसांतच एक फॉर्म पडतो. वरून कोणीतरी सांगतं, "कस्टमरचं रिटर्न आलंय, संध्याकाळपर्यंत कॅपा भरून दे." कॅपा म्हणजे करेक्टिव्ह अँड प्रिव्हेंटिव्ह अॅक्शन, एवढं बीड-परभणीहून डिप्लोमा करून आलेल्या पोराला माहीत असतं. भरायचा कसा, हे कोणी सांगत नाही. मग तो मागची फाइल उघडतो, जुन्या फॉर्मवरचं "ऑपरेटरला सूचना दिली" हे वाक्य उतरवून घेतो आणि सहीला जातो.

माझा पहिला कॅपा मी असाच भरला होता. तो वर्षभराने माझ्याच टेबलावर परत आला. त्या एका तक्रारीवरून ही नोंद कशी करायची ते सांगतो. कंपनी आणि कस्टमर कोण ते सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत.

माल साधा होता. ईएन-८ पोलादाची, १२ मिमी जाडीची, ६० मिमी लांबीची ग्राइंडिंग केलेली पिन. महिन्याला सुमारे २०,००० नग, जवळजवळ रोज एक गाडी, म्हणजे महिन्याला २४ गाड्या. ग्राइंडिंग झालं की पिना पाण्याच्या वॉशिंग मशीनमधून निघायच्या, हवेने वाळवायच्या, गंजरोधक तेलाच्या टाकीत बुडवायच्या आणि पॅकिंगला जायच्या. हे तेल आम्ही आरपी तेल म्हणतो. पहिल्या वर्षी जुलैत ३४० पिना गंज धरून परत आल्या. मी कारण लिहिलं, "तेल नीट लावले नाही." उपाय लिहिला, "ऑपरेटरला प्रशिक्षण दिले." ऑगस्टमध्ये आणखी ४१० आल्या, तेव्हा "जुना स्टॉक असणार" म्हणून विषय टाळला. ऑक्टोबरपासून एकही पिन परत आली नाही. डिसेंबरात मी परिणामकारकतेच्या रकान्यात "तीन महिने तक्रार नाही, उपाय परिणामकारक" असं लिहिलं आणि कॅपा बंद केला. ऑडिटरनेही मान डोलावली.

पुढच्या जूनच्या अखेरीस २९० पिना परत आल्या.

चूक कुठे झाली हे मराठवाड्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर हवा कोरडी पडते आणि एप्रिल-मेमध्ये ओला टॉवेल अर्ध्या तासात वाळतो. त्या हवेत पिनेवर पाणी राहिलं तरी गंज धरण्याआधी उडून जातं. डिसेंबरात तक्रार नव्हती ती हवामानामुळे, माझ्या प्रशिक्षणाचा त्यात काही हात नव्हता. तेव्हापासून कॅपा हातात आला की मी शेवटचा रकाना आधी वाचतो: हा उपाय चालला हे कधी आणि कशावरून ठरवणार?

प्रत्येक परतीला कॅपा नको

आमच्याकडे नियम असा होता: तोच पार्ट, तोच दोष, बारा महिन्यांत दुसऱ्यांदा आला की कॅपा उघडायचा. तुमच्या कंपनीचा नियम वेगळा असू शकेल, पण नियम असलाच पाहिजे. पुठ्ठ्याचा एक खोका फाटला म्हणूनही कॅपा उघडत गेलात तर रजिस्टरमध्ये दीडशे ओळी होतात आणि एकीचाही पाठपुरावा होत नाही. एखाद-दुसरी परत दुरुस्त करून परतीच्या नोंदीत ठेवली तरी चालते.

दुसऱ्यांदा आला हे कळण्यासाठी दोषाचं नाव दर वेळी तेच लिहावं लागतं, आणि इथेच बरेच जण घसरतात. एकाने "गंज" लिहिलं, दुसऱ्याने "डाग", तिसऱ्याने "फिनिश खराब" लिहिलं, तर तीन वेगळ्या तक्रारी दिसतात आणि नियम कधी लागूच होत नाही. दोषांची दहा-पंधरा नावं ठरवून भिंतीवर लावा आणि त्यातलंच लिहा.

आधी चोवीस तासांचं काम

कस्टमरचा पहिला प्रश्न कारणाचा नसतो. आत्ता लाइनवर, स्टोअरमध्ये आणि वाटेत गाडीत असलेल्या मालाचं काय, हे त्याला हवं असतं. हे काम म्हणजे दुरुस्ती: माल निवडणं, बदलून देणं, पुन्हा तेल लावणं. कॅपात हे लिहायचं, पण वेगळ्या रकान्यात, आणि चार ठिकाणांचे आकडे टाकून. आमच्या दुसऱ्या कॅपात ते असे होते: कस्टमरच्या स्टोअरमध्ये ३,२००, वाटेत ८००, आमच्या डिस्पॅचला १,६००, प्रोसेसमध्ये साधारण २,०००. निवडीला आमची दोन माणसं तिकडे जाऊन बसली.

"सर्व माल तपासला" असं लिहू नका. किती नग तपासले, किती खराब निघाले, कोणी तपासले आणि कोणत्या चलनाचे, एवढं लिहा. या निवडीतच कारणाचा पहिला धागा सापडतो. आम्हाला दिसलं की खराब पिना सगळ्या गाड्यांत विखुरलेल्या नाहीत. मागच्या २४ गाड्यांपैकी ७ गाड्यांतच त्या होत्या, आणि त्या सातही पाऊस पडलेल्या दिवसांच्या. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

परत आलेला माल टेबलावर मांडा

कारण शोधायला मीटिंग बोलावण्याआधी परत आलेले नग हातात घ्या. माझ्या अनुभवात निम्मे कॅपा इथेच फसतात, कारण परतीचा माल भंगारच्या पेटीत गेलेला असतो आणि सगळे मिळून एका फोटोवर चर्चा करत बसतात.

मी ४० पिना पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवल्या आणि तेल पुसून पाहिल्या. ३१ पिनांवर गंजाची एक बारीक सरळ रेघ होती, पिनेच्या लांबीभर, पेन्सिलीने आखल्यासारखी. ६ पिनांवर बोटाच्या ठशाएवढे डाग होते. ३ पिना सगळीकडून गंजलेल्या होत्या.

तेल लावायचं राहून गेलं असतं तर गंज सगळ्या अंगावर धरला असता. रेघ का यावी? दोन गोल पिना ट्रेमध्ये शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींना एका रेघेवरच टेकतात. त्या फटीत पाणी अडकतं आणि हवेच्या झोताने निघत नाही. वरून तेल लावलं तर पाणी तेलाखाली राहतं. म्हणजे तेल होतं, पण पाण्यावर होतं. वर्षभरापूर्वी मी "तेल नीट लावले नाही" असं लिहिलं तेव्हा एकही पिन पुसून पाहिली नव्हती.

बोटांचे ठसे असलेल्या त्या ६ पिना मी नोंदीत लिहिल्या, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. त्याची किंमत पुढे मोजली.

कारण तीन ठिकाणी शोधायचं

"का" पाच वेळा विचारा असं सगळीकडे शिकवतात. विचारा, पण एकाच साखळीत सगळं कोंबू नका. परतीच्या तक्रारीला तीन वेगळे प्रश्न असतात. दोष तयार का झाला? तयार झालेला दोष आपल्या तपासणीत सापडला का नाही? आणि आपल्या पद्धतीत असं काय होतं, की हे वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला टाकीवर काम करणाऱ्या मामांनी दिलं. बारा वर्षं त्याच टाकीवर. मी तेल किती लागतं ते विचारत होतो. ते म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात आठवड्याला पाच लिटर भरावं लागतं. पावसाळ्यात भरायचं कामच नाही. उलट वाढतंय."

"तेल कसं वाढेल, मामा?"

"ते मला काय माहीत? लेव्हल वर येती, एवढं दिसतंय."

तळाच्या ड्रेन कॉकखाली बादली ठेवून मी कॉक उघडला. सुरुवातीला आलं ते तेल नव्हतंच. दुधाळ, राखाडी पाणी होतं, वॉशिंगच्या पाण्याचा वास असलेलं. जवळजवळ दीड बादली पाणी निघाल्यावर सोनेरी तेल सुरू झालं. एक नमुना काचेच्या बरणीत रात्रभर ठेवला. सकाळी खाली पाणी, वर तेल आणि मध्ये घाणीचा पातळ थर, अशा स्वच्छ रेषा दिसत होत्या.

पावसाळ्यात दमट हवेत पिना नीट वाळत नव्हत्या, म्हणून ओल्याच टाकीत जात होत्या. त्यांच्यावरचं पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी साठत होतं. बास्केट थेट तळावर टेकत होती, त्यामुळे खालच्या थरातल्या पिना तेलात बुडतच नव्हत्या, पाण्यात बुडत होत्या आणि वर येताना त्यावर तेलाचा हात फिरत होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं आणि जरा लाज आणणारंही. शेवटची तपासणी तेलातून काढल्यावर तासाभरात व्हायची. तेलाखालचा गंज दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि माल त्याच रात्री गाडीत चढायचा. आमच्या तपासणीला हा दोष सापडणं शक्यच नव्हतं.

तिसऱ्याचं उत्तर चेकशीटमध्ये होतं. रोजच्या चेकशीटवर टाकीसाठी एकच ओळ होती: "तेलाची पातळी ठीक." तळाशी पाणी साठलं की पातळी वर येते. टाकी जितकी बिघडत गेली तितकी आमची चेकशीट चांगली दिसत गेली.

कारण सिद्ध करा, मगच लिहा

पटतंय म्हणून कारण लिहू नका. दोष मुद्दाम घडवून आणता आला आणि बंदही करता आला, तरच ते कारण. आम्ही एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला, तळाशी ओलं फडकं घातलं, वर जाळी ठेवली आणि जाळीवर पिना एकमेकींना चिकटवून ठेवल्या. ७२ तास झाकण बंद. पिनांचे तीन गट केले, प्रत्येकी २०. पहिला गट पूर्ण वाळवून तेलात, बास्केट तळापासून वर टांगलेली. दुसरा ओला, बास्केट तशीच वर. तिसरा ओला आणि बास्केट तळावर, रोज चालायचं तसं.

पहिल्या गटात एकाही पिनेवर रेघ नाही. दुसऱ्यात ३ पिनांवर. तिसऱ्यात १४ पिनांवर, हुबेहूब परत आलेल्या मालासारख्या. म्हणजे तळाचं पाणी मुख्य कारण आणि अपुरं वाळवणं जोडीचं. असा डबा म्हणजे प्रयोगशाळेतलं ह्युमिडिटी कॅबिनेट नव्हे, त्याच्या निकालाची कोणत्याही मानकाशी तुलना करू नका. आपल्याच तीन गटांची आपसात तुलना करायला तो पुरतो.

उपाय: दुरुस्ती वेगळी, सुधारणा वेगळी, प्रतिबंध वेगळा

माल निवडणं ही दुरुस्ती झाली. कारण काढून टाकणं हा करेक्टिव्ह उपाय. आम्ही टाकीत तळापासून १५० मिमी उंचीचं जाळीचं स्टँड बसवलं, त्यामुळे बास्केट तळाला टेकूच शकत नाही. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला कॉक उघडून स्वच्छ तेल येईपर्यंत पाणी काढायचं ठरलं. वॉशिंगनंतर गरम हवेचा ब्लोअर लावला. चेकशीटवरची ओळ बदलून "काढलेले पाणी: ___ लिटर" अशी केली. आकडा लिहायचा म्हटलं की कॉक उघडावाच लागतो. "ठीक" लिहायला काहीच करावं लागत नाही.

यात स्टँडचा उपाय सगळ्यांत भक्कम, कारण तो कोणाच्या आठवणीवर चालत नाही. पाणी काढण्याचा उपाय माणसावर अवलंबून आहे, आणि जे माणसावर अवलंबून आहे ते दिवाळीच्या सुट्टीनंतर किंवा माणूस बदलला की ढिलं पडतं. निव्वळ "प्रशिक्षण दिले" एवढाच उपाय असलेला कॅपा माझ्यासमोर आला तर मी आता सही करत नाही. प्रशिक्षण असावं, पण दुसऱ्या कशाच्या तरी सोबत.

प्रिव्हेंटिव्ह रकान्यात काय लिहायचं यावर नवीन माणसं अडतात. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत प्रतिबंधक उपायाचं वेगळं कलम राहिलेलं नाही. तो विचार जोखमीच्या कलमात गेला आहे, आणि करेक्टिव्ह उपाय १०.२ मध्ये आहे. पण कस्टमरचे फॉर्म अजून तो रकाना मागतात आणि त्याचा साधा अर्थ आहे: हेच कारण आपल्याकडे आणखी कुठे दबा धरून बसलंय? आमच्या दुसऱ्या शेडमध्ये बुशसाठी तशीच टाकी होती. तिथून एकही तक्रार नव्हती. कॉक उघडला तर अर्धी बादली पाणी. तिथेही स्टँड बसवलं. तीच गोष्ट त्या रकान्यात लिहिली. पुन्हा "ऑपरेटरला सूचना" लिहून रकाना भरण्यात काही अर्थ नसतो.

कारण, उपाय आणि माल यांना जोडणारा दुवा

आता असा मुद्दा, जो मी अनेक अनुभवी लोकांच्या कॅपातही पाहत नाही. उपाय लागू झाला १८ जुलैला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कस्टमरकडून गंजलेल्या पिना आल्या, तर त्या उपायाआधीच्या की नंतरच्या? कस्टमरकडे आधीचा स्टॉक पडून असतो. हे सांगता आलं नाही तर परिणामकारकतेची चर्चा नुसत्या अंदाजावर चालते, आणि "जुना स्टॉक असणार" हे माझं जुनं वाक्य परत वापरलं जातं.

म्हणून १८ जुलैच्या पहिल्या शिफ्टपासून प्रत्येक खोक्यावर हिरवा ठिपका लावला. पहिलं चलन आणि लॉट कोड कॅपात लिहिला, आणि कस्टमरच्या क्वालिटीलाही कळवला. त्यानंतर परत आलेली प्रत्येक पिन दोनपैकी एका टोपलीत जायची, ठिपक्याआधीची किंवा ठिपक्यानंतरची. परिणामकारकतेत फक्त दुसरी टोपली मोजायची.

नोंदीचं पान भरल्यावर असं दिसत होतं:

कॅपा क्र. १४. मागील संबंधित कॅपा: क्र. ६ (बंद करणे चुकले, कारण सिद्ध नव्हते).
परतीची नोंद: तीन परत-चलने, एकूण २९० नग, दोष: गंज.
दोषाचे रूप: ४० पैकी ३१ रेघ, ६ बोटाचे ठसे, ३ सर्वांगी.
तयार होण्याचे कारण: टाकीच्या तळाशी पाणी, बास्केट तळावर, वाळवणे अपुरे.
सुटण्याचे कारण: तपासणी तासाभरात, गंज २-३ दिवसांनी दिसतो.
पद्धतीतले कारण: चेकशीटवर फक्त पातळी.
पुरावा: ७२ तासांची चाचणी, ०/३/१४, फोटो जोडले.
उपाय व तारीख: स्टँड, ब्लोअर, पाणी काढणे, चेकशीट बदल, १८ जुलै, हिरवा ठिपका.
इतरत्र: बुशची टाकी, २५ जुलै.
परिणामकारकता: काय, किती, कधी, कोण (उपायाच्याच दिवशी भरलेले).

मागच्या कॅपाचा क्रमांक लिहायला बहुतेकांना संकोच वाटतो, कारण आपलीच चूक समोर येते. पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीत आधी काय करून पाहिलं आणि ते का चाललं नाही, हेच वाचणाऱ्याला सगळ्यांत आधी हवं असतं.

परिणामकारकता तपासणी: आधी ठरवा, मग थांबा

दोन गोष्टींची गल्लत होते. स्टँड बसलं का, रोज पाणी काढलं जातं का, ही अंमलबजावणीची तपासणी. ती आठवड्याभरात होते. तिने उपाय झाला हे कळतं, उपाय चालला हे कळत नाही. आयएसओला दोन्ही हवं असतं: केलेला उपाय, आणि त्याच्या परिणामकारकतेचा आढावा, निकालाच्या नोंदीसह.

परिणामकारकतेसाठी उपायाच्याच दिवशी चार गोष्टी लिहा. निकाल हातात आल्यावर निकष ठरवायला बसलात तर जो आकडा आला तोच निकष होऊन बसतो.

काय मोजायचं: ठिपक्यानंतरच्या मालातली रेघेची परत, आणि दर आठवड्याला २० पिनांची डब्यातली ७२ तासांची चाचणी.

कधी: दोष ज्या परिस्थितीत येतो त्याच परिस्थितीत. आमचा दोष पावसाळी, म्हणून तपासणीचा काळ १८ जुलै ते १५ सप्टेंबर. कोणी विचारेल, तीन महिन्यांचा नियम आहे ना? असेल, पण तो ऑक्टोबर ते डिसेंबर पडला तर माझ्या पहिल्या कॅपासारखीच गत होईल. ज्याच्या तक्रारी उन्हाळ्यात येतात, समजा रबर कडक पडणं किंवा चिकट टेप सुटणं, त्याने मेमध्ये तपासावं.

किती: इथे एक सोपा हिशेब उपयोगी पडतो. एकही दोष सापडला नाही, तर खरा दोष-दर साधारण ३ भागिले तपासलेली संख्या, याच्या खाली असावा असं म्हणता येतं. संख्या निदान तीसेक असावी. आता नग मोजू की गाड्या? नग मोजले तर २०,००० मध्ये शून्य म्हणजे फारच भारी दिसतं. पण गंज एकेका पिनेला सुटा येत नाही, तो एखाद्या दिवसाच्या टाकीला येतो आणि त्या दिवसाची गाडीच बिघडते. म्हणून आम्ही गाड्या मोजल्या. आधी २४ पैकी ७ गाड्या खराब होत्या, म्हणजे सुमारे २९ टक्के. नंतर फक्त १० गाड्या चांगल्या गेल्या तर ३ भागिले १०, म्हणजे ३० टक्के. जुन्या दराहून वेगळं काहीच सिद्ध होत नाही. ३० गाड्या चांगल्या गेल्या तर १० टक्के. १५ सप्टेंबरपर्यंत ४० हून जास्त गाड्या जाणार होत्या, म्हणून ती तारीख. कस्टमरकडचा स्टॉक संपायला वेळ द्यायचा म्हणून आकडे पक्के करायचे १० ऑक्टोबरला.

कोण: उपाय करणारा सोडून दुसरा. आमच्याकडे डिस्पॅचच्या मॅडम. मीच उपाय केला आणि मीच पास केलं, तर मला आवडेल तेच दिसणार.

या तारखा विसरल्या जातात, कारण मध्ये अडीच महिने जातात आणि नव्या तक्रारी येतात. रजिस्टर एक्सेलमध्ये असेल आणि F रकान्यात तपासणीची तारीख, G मध्ये निकाल असेल, तर शेजारी हे टाका:

```
=IF(AND(G2="",TODAY()>F2),"तपासणी बाकी","")
```

सोमवारच्या मीटिंगला तो रकाना पडद्यावर दाखवला की पुरे, वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही.

निकाल सरळ येत नाही

१० ऑक्टोबरला मॅडमनी हिशेब लावला. ठिपक्यानंतर ४४ गाड्या गेल्या. रेघेचा गंज: शून्य. डब्यातल्या आठही आठवड्यांच्या चाचण्या स्वच्छ. पण दोन गाड्यांतून ६ पिना गंज म्हणून परत आल्या होत्या.

सुपरवायझर म्हणाले, "चाळीसेक हजारांत सहा! लिहा परिणामकारक आणि मोकळे व्हा." दुसरं टोक म्हणजे सगळा कॅपा फसला असं मानून कारण नव्याने शोधत बसणं. आम्ही पुन्हा पांढरा कागद घेतला, पिना पुसल्या. सहाच्या सहा पिनांवर बोटांचे ठसे. पहिल्या दिवशी ४० पैकी ६ वर होते तेच. घामातलं मीठ तेलाखाली राहिलं की ठशाच्या आकारात गंज धरतो. तळाच्या पाण्याशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून आमच्या उपायाने तो जाणारही नव्हता.

क्र. १४ च्या निकालात लिहिलं: "रेघेचा गंज, ४४ गाड्यांत शून्य, परिणामकारक. ठशांचा गंज वेगळे कारण, क्र. १९ पाहा. पुढील वर्षी ३१ जुलैला पुन्हा एकदा तपासणे." तोवर तो रजिस्टरमध्ये उघडाच राहणार. कस्टमरच्या इंजिनिअरला हे कळवलं तेव्हा त्याने दोन प्रश्न जास्त विचारले, पण मान्य केलं.

क्र. १९ साठी मी लाइनवर जाऊन उभा राहिलो. वॉशिंग आणि तेल यांच्यामध्ये हातमोजे सगळ्यांना दिलेले होते आणि सगळे घालतही होते. फक्त दर पन्नासाव्या पिनेला स्नॅप गेज लावताना तपासणाऱ्या ताई उजव्या हाताचा मोजा काढायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "मोज्यात गेजचा हात कळत नाही हो सर, ढिलं का घट्ट." त्यांचं बरोबर होतं. त्या कॅपाच्या कारणाच्या रकान्यात मी "हातमोजे वापरले नाहीत" असं लिहिलं नाही. "तपासणी वॉशिंगनंतर होते" असं लिहिलं, आणि गेजचं टेबल वॉशिंग मशीनच्या अलीकडे हलवायला घेतलं.